जोतं, स्लॅब, चावी: घराच्या ठेक्यात कोणतं बिल कशाचं आणि ते कधी द्यायचं

घराचं काम ‘विथ मटेरियल’ ठेक्याने दिलं की मालक आणि ठेकेदार यांच्यात दोन कागद लागतात. पहिला करार. तो बहुतेक वेळा होतो, स्टॅम्पपेपरवर होतो, दोन साक्षीदारही मिळतात. दुसरा टप्प्यांचं टिपण. कोणत्या टप्प्याला किती पैसे, त्या पैशांत कोणतं काम धरलंय, आणि ते पैसे नेमके कधी देणं लागतात, हे त्यात लिहिलेलं असतं. आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या बाजूला हा दुसरा कागद म्हणजे बरेचदा ठेकेदाराच्या डायरीतल्या चार ओळी असतात: सुरुवातीला इतके, जोत्याला इतके, स्लॅबला इतके, बाकी चावी देताना. साइटवर होणारी बहुतेक भांडणं या चार ओळींच्या मधल्या जागेतून निघतात. मी घरांच्या कामावर देखरेख करतो, अशी टिपणं लिहूनही देतो, म्हणून एक उदाहरण घेऊन हा कागद पूर्ण उलगडतो.

जळगाव शहराच्या कडेला, काळ्या मातीच्या प्लॉटवर, तळमजला आणि वर एक मजला असं घर धरू. ठेका ३०,००,००० रुपयांचा, जीएसटी वेगळा. काम साधारण वर्षभर चालणार.

या ३० लाखांचे मी सहा भाग करतो. जोत्यापर्यंतचं काम ६ लाख, तळमजल्याचा स्लॅब ६ लाख, वरचा स्लॅब ५ लाख ४० हजार, दोन्ही मजल्यांचं वीटकाम आणि प्लास्टर ६ लाख, फरशी-नळ-वीज-दारं-खिडक्या ४ लाख ५० हजार, आणि रंगापासून चावीपर्यंतचं शेवटचं काम २ लाख १० हजार. हे आकडे अंदाजाने टाकायचे नसतात. प्रत्येक भागाला सिमेंट, असार म्हणजे लोखंडी सळई, वाळू, विटा, मजुरी किती लागेल ते ठेकेदाराच्या दरांवरून काढायचं आणि त्याच्या जवळ जाणारी रक्कम धरायची. सगळ्या घरांना चालेल असा एकच तक्ता नसतो. बेडरूमला लाकडी फर्निचर हवं असेल, पार्किंगला जड फरशी हवी असेल, तर शेवटचे दोन भाग फुगतात आणि स्लॅबचे लहान होतात.

आता उचल. काम सुरू होण्याआधी ठेकेदाराला पैसे लागतातच. असाराची पहिली गाडी, पाण्याची सोय, तात्पुरतं वीज कनेक्शन, सामान ठेवायला पत्र्याची खोली, हे सगळं एक खड्डाही खणायच्या आधी उभं करावं लागतं. आपल्या उदाहरणात उचल १० टक्के, म्हणजे ३ लाख. टिपणात इथे एक वाक्य स्पष्ट लिहावंच लागतं: ही उचल म्हणजे वेगळा टप्पा नाही, पुढच्या बिलांतून ती वळती होईल. पहिल्या चार टप्प्यांतून प्रत्येकी ७५ हजार वळते करायचे असं आपण धरू. हे लिहिलं नाही तर काय होतं? मालक समजतो की उचल ३० लाखांतलीच आहे आणि जोत्याच्या बिलातून कापली जाईल. ठेकेदार समजतो की उचल हा पहिला हप्ता होता आणि जोत्याचे सहा लाख पूर्ण येतील. दोघेही प्रामाणिक असतात, आणि तरीही जोत्यालाच पहिली कडवट बोलाचाली होते.

उचलीसोबत उलट्या बाजूने एक रक्कम चालते, तिला राखीव म्हणू. प्रत्येक टप्प्याच्या बिलातून ५ टक्के मालकाकडे राहतात. ३० लाखांवर ती रक्कम दीड लाख होते. तिचा अर्धा भाग चावी घेताना सुटतो आणि अर्धा दोष-दुरुस्तीची मुदत संपल्यावर.

आता जोत्याची ओळ पूर्ण लिहून बघू. डायरीत ती ‘जोत्याला ६ लाख’ इतकीच असते. मी ती अशी लिहितो:

“टप्पा १, जोतं. यात समाविष्ट: आखणी, जमिनीच्या पातळीपासून ५ फूट खोलीपर्यंत खोदाई, पीसीसी, फूटिंग, जोत्यापर्यंतचे कॉलम, प्लिंथ बीम, आत मुरमाची भर घालून पाणी मारून धुमस करणं. यात समाविष्ट नाही: ५ फुटांखालचं काम, कंपाउंड भिंत, बोअर, सेप्टिक टँक. पूर्ण कधी मानायचं: भरणी झाल्यावर इंजिनिअरने पातळी तपासून टप्पा-दाखल्यावर सही केली तो दिवस. बिल त्याच तारखेचं. देय: बिलाच्या तारखेपासून दहाव्या दिवशी.”

यातली ‘समाविष्ट नाही’ ही ओळ खानदेशात सगळ्यांत महत्त्वाची. आपली काळी माती पाऊस पडला की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर पाया टेकवला तर तो वर्षातून दोनदा हलतो आणि भिंतींना तिरक्या चिरा पडतात. म्हणून पाया काळ्या मातीखालच्या मुरमावर न्यावा लागतो. तो मुरूम किती खोल आहे ते जेसीबीचा बकेट खाली गेल्याशिवाय कळत नाही. शेजारच्या प्लॉटला चार फुटांवर लागला म्हणून आपल्यालाही तिथेच लागेल असं नसतं. तापीकाठच्या चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात तर गाळाचा थर इतका जाड आहे की ‘मुरूम लागेपर्यंत’ ही अटच निरर्थक ठरते. तिथे माती तपासून स्ट्रक्चरल इंजिनिअर पायाचा प्रकार आणि खोली ठरवतो, आणि टिपणात ती खोली लिहायची असते.

आपल्या उदाहरणात समजा मुरूम ८ फुटांवर लागला. बारा फूटिंग आहेत, प्रत्येकाचा खड्डा ६ फूट बाय ६ फूट. तीन फूट जास्तीची खोदाई म्हणजे एका खड्ड्याला १०८ घनफूट, बारांना १,२९६ घनफूट, म्हणजे शंभर घनफुटांचा एक ब्रास धरून १३ ब्रासला थोडी कमी. करारात जास्तीच्या खोदाईचा दर ब्रासला १,५०० लिहिला असेल तर ही खोदाई १९,४४० रुपयांची. तीन फूट जादा कॉलम आणि जादा भरणी यांचे दर वेगळे, तेही मोजून तसेच मांडायचे. हे सगळं ‘जादा काम’ म्हणून स्वतंत्र बिलात येतं. सहा लाखांत मिसळायचं नाही आणि शेवटच्या हिशोबावरही ढकलायचं नाही. मोजमाप खड्डा उघडा असताना, दोघांच्या समोर टेप लावून घ्यायचं, फोटो काढायचा आणि वहीत दोघांच्या सह्या घ्यायच्या. खड्डा बुजला की खोली कुणालाच सिद्ध करता येत नाही. जादा खोदाईवरचे वाद सहसा जोत्याच्या वेळी निघतच नाहीत. ते चावीच्या वेळी निघतात, तेव्हा ठेकेदार ‘आण्णा, पाया आठ फूट गेला होता ना’ म्हणतो आणि आण्णांना पाच आठवत असतात.

दर करारात नसेल तर? मग काम थांबवून तिथेच दर ठरवायचा आणि एका ओळीत लिहून सह्या करायच्या. अर्धा दिवस जातो, पण तेवढाच.

जोत्याचं बिल आता रुपयांत मांडू, कारण पुढची सगळी बिलं याच साच्यात बसतात. कामाची किंमत ६,००,०००. त्यातून उचलीचे ७५,००० वळते आणि राखीव ३०,००० वजा. उरले ४,९५,०००. यावर जीएसटी चढतो, पण तो कशावर किती, इथे लोक अडखळतात.

घराचा विथ मटेरियल ठेका जीएसटीत सेवा मानला जातो आणि त्यावर १८ टक्के कर आहे. एकट्या घराचं निव्वळ मजुरीचं काम, म्हणजे सामान मालकाचं आणि फक्त मजुरी ठेकेदाराची, करमुक्त आहे. शिवाय सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी बंधनकारक नाही, आणि नोंदणी नसलेल्या ठेकेदाराने बिलात कर लावायचा नसतो. आपला ठेकेदार नोंदणी असलेला आहे. सेवेच्या बाबतीत उचलीवरही कर लागतो आणि तो पैसे मिळाले तेव्हाच. म्हणून उचल देताना मालकाने ३,००,००० आणि त्यावर ५४,००० कर असे ३,५४,००० दिलेले असतात, आणि ठेकेदाराने त्याचं रिसीट व्हाउचर दिलेलं असतं. जोत्याच्या बिलात पूर्ण सहा लाखांवर १,०८,००० कर येतो. पण त्यातल्या ७५,००० वरचा १३,५०० कर आधीच दिलाय, म्हणून आता ९४,५००. राखीव रक्कम सहसा पैसे देताना कापतात, बिल पूर्ण रकमेचं आणि कर पूर्ण बिलावर. तर जोत्याच्या बिलाचे मालकाच्या खात्यातून जाणारे पैसे ४,९५,००० अधिक ९४,५००, म्हणजे ५,८९,५००. ही बेरीज-वजाबाकी बिलावर अशीच ओळीने छापलेली असावी. फक्त शेवटचा आकडा लिहिलेलं बिल घेऊ नका.

तारखांकडे वळू. एका टप्प्याला तीन तारखा असतात: काम संपल्याची, बिलाची आणि पैसे देय होण्याची. त्या एकमेकींपासून सैल सुटल्या की गोंधळ होतो. तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या आणि टप्प्याटप्प्याने पैसे ठरलेल्या सेवेला जीएसटी कायदा सलग सेवा मानतो. तिथे पैसे एखादी घटना पूर्ण होण्यावर ठरले असतील तर बिल त्या घटनेच्या तारखेपर्यंत निघायला हवं. म्हणजे आपण टिपणात ‘पूर्ण’ची जी व्याख्या लिहितो तीच ठेकेदाराची कराची तारीख ठरवते. म्हणून मी पूर्ण होण्याचा दिवस दाखल्यावरच्या सहीला बांधतो. ठेकेदार काम झाल्याचं लेखी कळवतो, व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. इंजिनिअर तीन दिवसांत पाहून जातो. सही झाली की त्याच दिवशी बिल, तिथून दहा दिवसांत पैसे. त्रुटी निघाली तर इंजिनिअर ती लिहून देतो, दुरुस्ती झाल्यावर पुन्हा येतो, आणि घड्याळ तिथून सुरू होतं. इंजिनिअर तीन दिवसांत आलाच नाही तर? हेही लिहावं लागतं. मी सहसा चौथ्या दिवशी ठेकेदाराला पुन्हा लेखी आठवण द्यायला लावतो, आणि त्यानंतर दोन दिवसांत कुणी आलं नाही तर टप्पा पूर्ण मानला जाईल असं लिहितो. नाहीतर मालकाच्या माणसाच्या गैरहजेरीची किंमत ठेकेदार मोजतो.

मासिक विवरण भरणाऱ्या ठेकेदाराला त्या बिलाचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो, मालकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. ‘आधी पैसे द्या, मग बिल देतो’ असं अनेक ठेकेदार म्हणतात त्यामागे हेच कारण असतं. त्यांची अडचण खरी आहे, पण त्यावरचा उपाय बिल लांबवणं हा नाही. देय तारीख जवळची आणि पक्की ठेवणं हा आहे.

देय तारीख पक्की म्हणजे कामाशी बांधलेली. आपल्याकडे ‘कपाशी विकली की देतो’, ‘केळीचं पेमेंट आलं की लगेच’, ‘आखाजीला हिशोब करू’ असं सहज बोललं जातं, आणि बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण कापसाचा भाव पडला की माल घरात राहतो, आणि आखाजीला तर अर्धे मजूर गावी गेलेले असतात. मालकाचं उत्पन्न खरंच हंगामी असेल तर कामाचं वेळापत्रकच त्याप्रमाणे लावावं. म्हणजे वरचा स्लॅब दिवाळीनंतर धरावा, तळमजल्याच्या स्लॅबनंतर दोन महिने काम थांबेल असं आधीच लिहावं आणि त्या काळात सेंट्रिंगचं भाडं कुणाचं तेही ठरवावं. झालेल्या कामाचे पैसे मात्र पिकाशी बांधू नयेत.

आता स्लॅब. हा सगळ्यांत महाग दिवस आणि सगळ्यांत मोठ्या वादाचाही. सकाळी मिक्सर लागतो, संध्याकाळी नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, आणि ठेकेदार म्हणतो, “भाऊ, स्लॅब पडना, आते हप्ता द्या.” मालकाच्या मनात असतं की अजून तर खालून लाकडंच दिसतायत, स्लॅब कुठे दिसतोय! दोघांचंही बरोबर आहे. असार, सिमेंट, खडी, सेंट्रिंगचं भाडं, मजुरी, हा जवळजवळ सगळा खर्च स्लॅब पडण्याच्या दिवसापर्यंत होऊन गेलेला असतो. दुसऱ्या बाजूला, स्लॅब चांगला झाला की नाही हे सेंट्रिंग खोलल्याशिवाय खालून बघता येत नाही. काँक्रीट नीट दाबलं गेलं नसेल तर बीमच्या बुडाशी खडीची पोकळी दिसते, कधी सळईच उघडी पडलेली असते.

म्हणून स्लॅबचा टप्पा मी दोन घटनांत तोडतो. तळमजल्याच्या ६ लाखांपैकी ४ लाख ५० हजार स्लॅब पडल्यावर आणि १ लाख ५० हजार सेंट्रिंग खोलून खालची बाजू तपासल्यावर. पहिल्या भागाला एक अट आहे: काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी इंजिनिअरने सळईचा व्यास, अंतर, कव्हर ब्लॉक आणि बीममधल्या रिंगा तपासून सही केलेली हवी. ती सही नसेल तर काँक्रीट पडूनही बिल निघत नाही. काँक्रीटखाली गेलेली सळई नंतर कुणाला दिसत नाही, म्हणून ही सही नंतर मिळवता येत नाही.

दुसरा भाग किती दिवसांनी देय होईल याचा अंदाज मानकांवरून येतो. आयएस ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी काढता येतात. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू १४ दिवसांनी, त्याहून लांब बीमचे २१ दिवसांनी. हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे आहेत. घरांना सर्रास वापरतात ते पीपीसी सिमेंट ताकद हळू धरतं, म्हणून इंजिनिअर मुदत वाढवतो आणि त्याचं ऐकावं. पाणी मारण्याचंही तसंच. ओपीसीला किमान ७ दिवस, पीपीसीला किमान १०, आणि कोरड्या उष्ण हवेत हे दिवस आणखी वाढतात. पारा चाळिशीपार गेलेल्या भुसावळ-जळगावच्या उन्हात पीपीसीच्या स्लॅबवर मी १४ दिवस पाण्याची आळी भरलेली ठेवायला सांगतो. स्लॅबच्या बिलात ‘पाणी मारणं समाविष्ट’ असं लिहिलेलं असावं, आणि पाणी कुणाचं तेही. मार्च ते जून टँकरने पाणी आणावं लागलं तर तो खर्च कुणाचा यावर मी माणसं हातघाईवर आलेली पाहिली आहेत.

काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद पाहतात त्या क्यूब टेस्टचा २८ दिवसांचा निकाल दुसऱ्या भागाला बांधावा का? मी बांधत नाही, कारण तोवर ठेकेदार वरचे कॉलम उभे करत असतो आणि त्याची रक्कम महिनाभर अडते. त्याऐवजी ७ दिवसांच्या क्यूबचा निकाल पाहायचा, आणि २८ दिवसांचा निकाल कमी आला तर पुढचं बिल इंजिनिअरचा निर्णय होईपर्यंत थांबेल असं लिहायचं.

या सगळ्या मांडणीने मालक कितपत सुरक्षित राहतो, ते एका प्रश्नाने तपासता येतं: आज ठेकेदार काम सोडून गेला तर दिलेले पैसे आणि उभं काम यांत किती फरक असेल? कर बाजूला ठेवून मोजू. जोत्याचं बिल दिल्यावर मालकाचे ७,९५,००० गेलेले असतात आणि उभं काम ६ लाखांचं, म्हणजे १,९५,००० जास्त गेलेत. ही राखीव वजा जाता उरलेली न वळलेली उचल आहे, आणि तेवढ्याचं असार बहुधा साइटवर येऊन पडलेलं असतं. पहिल्या स्लॅबनंतर हा फरक ९०,००० वर येतो. दुसऱ्या स्लॅबनंतर मालकाने १७,२८,००० दिलेले असतात आणि काम १७,४०,००० चं उभं असतं, म्हणजे आता मालकाकडेच १२ हजार जास्त आहेत. धोका प्रत्येक टप्प्याला कमी होत गेला.

आता डायरीतला नेहमीचा तक्ता घ्या: सुरुवातीला २५ टक्के, जोत्याला २५, पहिल्या स्लॅबला २५, दुसऱ्याला १५, चावीला १०. दुसऱ्या स्लॅबनंतर २७ लाख गेलेले असतात आणि उभं काम तेच १७ लाख ४० हजारांचं. ९ लाख ६० हजारांचा फरक, आणि अजून प्लास्टर, फरशी, नळ, वीज, रंग सगळं बाकी. नेमक्या याच जागी कामं रखडतात. ठेकेदार पळून जातो असं नाही. त्याला उरलेल्या तीन लाखांत जवळजवळ तेरा लाखांचं काम करायचं असतं, त्यामुळे त्याची माणसं दुसऱ्या, नव्या उचलीच्या साइटवर जातात. असा तक्ता समोर आला तर सही करू नका. ‘सगळे असंच करतात’ हे उत्तर पुरेसं नाही.

बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्यांना इथे कायद्याचा थोडा आधार आहे. महारेराच्या नमुना करारात टप्प्यांच्या कमाल मर्यादाच दिल्या आहेत: करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोत्याला ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, भिंती-आतलं प्लास्टर-फरशी-दारं-खिडक्यांनंतर ७५, असं चढत जातं आणि शेवटचे ५ टक्के ताब्याच्या वेळी. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधणाऱ्याला हे लागू होत नाही. त्याचं संरक्षण त्याच्या टिपणात जेवढं लिहिलंय तेवढंच. आणि त्याच्या ठेक्यात जमिनीची किंमत नसते, म्हणून बिल्डरच्या तक्त्यातले सुरुवातीचे मोठे टक्के उचलून आपल्या ठेक्यात टाकू नयेत.

गृहकर्ज असेल तर आणखी एक तपासणी टिपणावर सही करण्याआधीच करायची. बँकही पैसे टप्प्यांनीच देते, पण तिचे टप्पे तिचे असतात. तिचा माणूस साइटवर येऊन काम कुठवर आलंय ते पाहतो आणि मग रक्कम सुटते. शिवाय मालकाचा स्वतःचा हिस्सा आधी संपवावा अशी तिची अपेक्षा असते. आपल्या टिपणात स्लॅबचे साडेचार लाख दहा दिवसांत देय आहेत आणि बँकेच्या पाहणीलाच आठ दिवस लागले तर मालक विनाकारण कसूरदार ठरतो. म्हणून बँकेला तिचे टप्पे लेखी विचारावेत, आपले शक्य तितके त्यांना जुळवावेत, आणि कर्जाच्या टप्प्यांना देय मुदत पंधरा दिवस ठेवावी. ठेकेदाराला हे सुरुवातीला सांगितलं तर तो सहसा मान्य करतो. स्लॅब पडल्यावर सांगितलं तर नाही.

उशिराचं काय? टिपणात मी तीन ओळी लिहितो. देय तारखेनंतर ठरलेल्या दराने व्याज. पंधरा दिवसांवर उशीर गेला तर सात दिवसांची लेखी नोटीस देऊन ठेकेदार काम थांबवू शकतो, आणि जितके दिवस थांबलं तितकीच त्याची मुदत वाढते. बिलाच्या एखाद्या भागावर वाद असेल तर वादाचा भागच अडवायचा, बाकीचे पैसे तारखेला द्यायचे. एका खिडकीचं माप चुकलं म्हणून सहा लाखांचं प्लास्टरचं बिल महिनाभर अडवणं हे मालकाने ठेकेदाराच्या गाडीतलं डिझेल काढून घेण्यासारखं आहे.

मालक व्यापारी असेल, त्याच्या हिशोबाचं ऑडिट होत असेल आणि घराऐवजी गोदाम किंवा दुकान बांधत असेल, तर बिलातून टीडीएस कापावा लागतो. ठेकेदार व्यक्ती असेल तर १ टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २, आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर तो सोडून उरलेल्या रकमेवर. राहत्या घराच्या आपल्या उदाहरणात हे येत नाही.

वीटकाम-प्लास्टरच्या टप्प्यात फार गुंता नाही, फक्त तो मजल्यागणिक तोडावा, म्हणजे ठेकेदाराला सहा लाखांसाठी दोन महिने थांबावं लागत नाही. फरशी-नळ-विजेच्या टप्प्यात वस्तूंची निवड मालकाची असते, म्हणून प्रत्येक वस्तूला मूळ दर लिहावा: फरशी चौरस फुटाला अमुक रुपयांपर्यंत, नळ अमुक किमतीपर्यंत. मालकाने त्याहून महाग निवडलं तर फरक जादा कामात. निवड कळवायची तारीखही लिहावी, कारण मालकाने टाइल ठरवायला महिना घेतला तर टप्पा अडण्याचं कारण ठेकेदार नसतो.

शेवटच्या टप्प्यात ‘पूर्ण’ची व्याख्या सर्वांत जपून करावी. दोघांनी मिळून घर फिरून किरकोळ त्रुटींची यादी करायची, त्या दुरुस्त झाल्या की दाखला. काही मालक शेवटचे पैसे महानगरपालिकेच्या भोगवटा प्रमाणपत्राला बांधतात. ते प्रमाणपत्र मिळणं ठेकेदाराच्या हातात थोडंच असतं. मंजूर नकाशाबाहेर मालकानेच गॅलरी वाढवायला लावली असेल तर ते अडणारच. म्हणून ठेकेदाराच्या कामामुळे अडलं तरच त्याचे पैसे अडतील, असं लिहावं.

चावी घेताना राखीव दीड लाखातले ७५ हजार सुटतात. उरलेले ७५ हजार बारा महिन्यांनी द्यायचे, पण त्या बारा महिन्यांत एक पूर्ण पावसाळा यायला हवा, कारण गच्चीची गळती आणि काळ्या मातीमुळे येणाऱ्या चिरा पावसाशिवाय कळत नाहीत. चावी जुलैमध्ये मिळाली असेल तर पुढचा संपूर्ण पावसाळा जाईपर्यंत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत मुदत धरावी. गळती निघाली तर आधी ठेकेदाराला लेखी कळवायचं आणि दुरुस्तीला पंधरा दिवस द्यायचे. तो आला नाही तरच दुसऱ्याकडून करून घेऊन तो खर्च, त्याच्या पावतीसह, या रकमेतून वळता करायचा. मालकाने स्वतः गच्चीवर टाकी बसवताना वॉटरप्रूफिंग फोडलं असेल तर ती गळती या पैशांतून कापता येत नाही, हेही टिपणाच्या शेवटच्या ओळीत लिहिलेलं असावं.